घरात काचबिंदू असेल तर डोळे किती वर्षांनी तपासून घ्यायचे?

दरवर्षी मार्च महिन्यात जागतिक काचबिंदू सप्ताह असतो. त्या दिवसांत ‘डोळे नियमित तपासून घ्या’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. नियमित म्हणजे किती वर्षांनी, हे विचारलं की उत्तरं जुळत नाहीत. एक जण सांगतो दरवर्षी, दुसरा म्हणतो दोन वर्षांनी, तिसरा म्हणतो त्रास नसेल तर चाळिशीपर्यंत काही गरज नाही. नेत्रतज्ज्ञांच्या अमेरिकन अकॅडमीच्या शिफारशीप्रमाणे चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसाला पाच ते दहा वर्षांनी एकदा तपासणी पुरते. त्याच देशातली, डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टची संघटना मात्र १८ ते ६४ वयाच्या सर्वांनी निदान दर दोन वर्षांनी यावं असं म्हणते.

यातलं कुणीही चुकीचं नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा माणूस आहे आणि बऱ्याचदा वेगळी तपासणीही. दोन भेटींमधलं अंतर एकाच गोष्टीवर ठरतं. या वयात, या घरातल्या माणसाच्या डोळ्यात, त्याला स्वतःला काही न जाणवता कुठला आजार सुरू होऊ शकतो आणि तो किती वेगाने पुढे जातो? हे सगळ्यात चांगलं कळतं ते काचबिंदूच्या उदाहरणातून. म्हणून या लेखाचा भर त्यावर आहे.

### ‘डोळे तपासले’ म्हणजे नेमकं काय तपासलं?

आधी हा घोळ मिटवायला हवा. चष्म्याच्या दुकानात यंत्रासमोर बसून, मग समोरची अक्षरं वाचून जे होतं ती नंबरची तपासणी. समोरचं किती स्पष्ट दिसतं आणि कुठल्या भिंगाने अधिक स्पष्ट दिसेल, एवढंच तिच्यातून कळतं. ती हवीच, पण डोळ्याच्या आतला पडदा आणि नस कशी आहे याबद्दल ती काहीही सांगत नाही. काचबिंदू बराच पुढे गेलेला माणूसही शेवटची ओळ बिनचूक वाचू शकतो, कारण वाचायला लागणारी मधली नजर या आजारात सहसा सगळ्यात शेवटी जाते.

पूर्ण तपासणीत नंबरशिवाय आणखी काही गोष्टी होतात. डॉक्टर स्लिट लॅम्पवर, म्हणजे हनुवटी टेकवून बसायच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकावर, डोळ्याचा पुढचा भाग पाहतात. डोळ्याच्या आतला दाब मोजतात. याला सगळे ‘डोळ्याचं प्रेशर’ म्हणतात आणि त्याचा रक्तदाबाशी थेट संबंध नाही. मग थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडदा व नस पाहतात. नस म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दहा-बारा लाख तंतूंची जुडी. तिचं टोक डोळ्याच्या मागच्या बाजूला एका गोल चकतीसारखं दिसतं. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

मागच्या वेळी थेंब घातले होते का आणि प्रेशर मोजलं होतं का, हे आठवून पाहा. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो नंबर तपासला होता. या लेखात पुढे जी अंतरं दिली आहेत ती पूर्ण तपासणीची आहेत.

### घरात काही नसेल आणि त्रासही नसेल, तर

बाळ जन्मल्यावर त्याच्या बाहुलीतून येणारी लाल चमक दोन्ही डोळ्यांत सारखी आहे ना, हे पाहतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या पडद्याची तपासणी पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते आणि तिची तारीख नवजात शिशू विभागाने दिलेली असते. ती तारीख चुकवायची नाही. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान प्रत्येक डोळा वेगवेगळा झाकून एकदा नीट तपासून घ्यायचा. या वयात भीती असते ती आळशी डोळ्याची. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्याच्याकडून येणारं चित्र वापरणं सोडून देतो. दुसऱ्या डोळ्याने सगळं दिसत असल्यामुळे मूल तक्रार करत नाही. हे सातेक वर्षांच्या आत सापडलं तर उपचार चांगले लागू पडतात, पुढे ते अवघड होत जातं. शाळेत जाणाऱ्या मुलांची नजर दर एक-दोन वर्षांनी पाहावी आणि चष्मा लागलेल्यांची दरवर्षी.

विशीपासून चाळिशीपर्यंत डोळ्यांचे गुपचूप वाढणारे आजार कमी असतात, म्हणून अकॅडमीने एवढं सैल अंतर ठेवलं आहे. चाळिशीला मात्र एक पूर्ण तपासणी, त्रास असो वा नसो, करून घ्यायची. त्यानंतर ५४ व्या वर्षापर्यंत दर दोन ते चार वर्षांनी, ५५ ते ६४ मध्ये दर एक ते तीन वर्षांनी आणि ६५ च्या पुढे दर एक-दोन वर्षांनी. मोतीबिंदू, काचबिंदू आणि पडद्याची झीज हे तिन्ही आजार वयाबरोबर वाढतात, म्हणून अंतरही तसंच कमी होत जातं.

मधुमेह असेल तर हे वेळापत्रक लागू होत नाही. टाइप २ मधुमेहात निदान झाल्याबरोबर पडदा तपासायचा आणि पुढे साधारण दरवर्षी. निदान होण्याआधी काही वर्षं साखर वाढलेली असू शकते, त्यामुळे काहींच्या पडद्यावर पहिल्या दिवशीच खुणा सापडतात. टाइप १ मध्ये सुरुवातीची तारीख बहुधा नक्की माहीत असते, म्हणून तिथे पहिली तपासणी पाच वर्षांनी आणि मग दरवर्षी.

### काचबिंदू घरात असला तर धोका किती वाढतो?

काचबिंदूत डोळ्याच्या नसेचे तंतू हळूहळू मरत जातात आणि मेलेला तंतू परत येत नाही. बहुतेकदा याचं कारण त्या डोळ्याला न झेपणारं प्रेशर हे असतं. तो पसरतो वाळवीसारखा. चौकट बाहेरून शाबूत दिसते, रंगही उडालेला नसतो आणि हात लावला की कळतं, आत काही उरलेलं नाही. आजार सुरू होतो तो नजरेच्या कडेकडच्या भागात. एका डोळ्याला जिथे दिसत नाही तिथलं दुसरा डोळा पाहतो आणि उरलेली फट मेंदू आपल्या मनाने भरून काढतो. काळा डाग दिसत नाही, दुखत नाही, डोळा लालही होत नाही.

रॉटरडॅममधला, १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. काचबिंदूच्या रुग्णांची भावंडं आणि मुलं संशोधकांनी स्वतः बोलावून तपासली, नुसत्या ऐकीव माहितीवर भरवसा ठेवला नाही. रुग्णांच्या या सख्ख्या नातेवाइकांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता सुमारे २२ टक्के निघाली. ज्यांना स्वतःला काचबिंदू नव्हता अशांच्या नातेवाइकांत ती सुमारे २.३ टक्के होती.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. धोका जवळपास दहापट आहे, त्यामुळे दुर्लक्ष परवडत नाही. पण २२ टक्के म्हणजे पाचातल्या साधारण एकाला. ‘आईला होता म्हणजे मला होणारच’ हे खरं नाही.

नात्यानात्यात फरकही आहे. बाल्टिमोर शहरातल्या मोठ्या पाहणीत, १९९४ साली, भावाला किंवा बहिणीला काचबिंदू असलेल्यांमध्ये धोका साडेतीनपटीहून अधिक दिसला, आई किंवा वडिलांना असलेल्यांमध्ये दुपटीच्या आसपास. म्हणजे दादाला किंवा ताईला काचबिंदू निघाला तर तो निरोप बाकीच्या भावंडांना त्याच आठवड्यात द्यायला हवा. प्रत्यक्षात उलटं होतं. मुलांना सांगितलं जातं आणि पन्नाशीतली भावंडं, ज्यांना धोका सगळ्यात जवळ आलेला असतो, ती राहून जातात. चुलत, मावस किंवा आत्याकडची नाती दूरची असल्याने त्यांचा परिणाम कमी असतो. पण आजी आणि मामा अशा दोन-तीन जणांना असेल तर डॉक्टरांना सांगावं.

### घरच्यांना काय विचारायचं?

‘आजीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं’ एवढ्या माहितीवर काही ठरवता येत नाही. ते मोतीबिंदूचं होतं की काचबिंदूचं, हे पहिलं विचारायचं. मोतीबिंदू म्हणजे आतलं भिंग गढूळ होणं. वाढत्या वयात तो बहुतेकांना होतो, भिंग बदललं की नजर परत येते आणि त्यावरून तुमची तपासणी लवकर करायची गरज सहसा पडत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे थेंब. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब काही आठवड्यांत बंद होतात. वर्षानुवर्षं, रोज ठरलेल्या वेळी थेंब घालावे लागत होते आणि ‘ते बंद करायचे नाहीत’ असं सांगितलेलं होतं, तर तो बहुधा काचबिंदू. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, त्यामुळे जुनी चिठ्ठी किंवा थेंबांच्या बाटलीचा फोटो मिळाला तर सर्वांत उत्तम.

दुसरा प्रश्न, निदान कितव्या वर्षी झालं? सत्तरीत झालं असेल तर एक अर्थ, पस्तिशीत झालं असेल तर अगदी वेगळा. तरुण वयात, विशेषतः चाळिशीच्या आत सुरू होणाऱ्या काचबिंदूच्या काही प्रकारांत एकाच जनुकातला बदल पुरेसा असतो आणि अशा घरात पुढच्या पिढीतल्या प्रत्येकाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असू शकते.

तिसरा प्रश्न, नजर किती गेली? आणि चौथा, तो ‘कोन बंद होण्याचा’ प्रकार होता का? डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर वाहून जातं ती जागा बुबुळाच्या कडेला एका कोनात असते. काहींच्या डोळ्यात हा कोन जन्मतःच अरुंद असतो. अशा रुग्णाच्या भावंडांचा कोन गोनिओस्कोपी नावाच्या तपासणीने पाहतात. भूल देणारे थेंब टाकून डोळ्यावर एक आरशाचं भिंग टेकवतात, दोन-तीन मिनिटं लागतात. कोन अगदी अरुंद असेल तर बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनीच तो बंद होऊन प्रेशर एकदम चढू शकतं. म्हणून थेंब घालण्याआधी घरच्या या प्रकाराबद्दल तोंडाने सांगायचं, विचारण्याची वाट पाहायची नाही.

### मग अंतर किती ठेवायचं?

आई, वडील, सख्खा भाऊ, बहीण किंवा मुलगा-मुलगी यांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीची वाट न पाहता पस्तिशीच्या आसपास एक पूर्ण तपासणी करून घ्यावी. नातेवाइकाचं निदान लवकर झालं असेल तर त्याच्या निदानाच्या वयातून दहा वर्षं वजा करावीत. वडिलांना ३८ व्या वर्षी सापडला, तर मुलीची पहिली तपासणी २८ व्या वर्षी. विशीतच सापडला असेल तर मुलांना शाळेच्या वयातच दाखवायचं आणि अंतर डॉक्टरांनाच ठरवू द्यायचं.

पहिल्या तपासणीत सगळं ठीक निघालं तर पुढे ५४ पर्यंत दर एक ते तीन वर्षांनी, ५५ नंतर दर एक-दोन वर्षांनी आणि ६५ च्या पुढे निदान वर्षातून एकदा. एक ते तीन यातला कुठला आकडा, हे बाकीच्या गोष्टींवर ठरतं. प्रेशर वरच्या बाजूला आहे का, बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ आहे का, मायनस नंबर मोठा आहे का, नस जन्मतःच जरा खोलगट आहे का. यांतली एकही गोष्ट नसेल तर तीन वर्षं चालतील. दोन असतील तर एक वर्ष.

### एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, ४४ वर्षांच्या एक बाई आहेत. मोठ्या बहिणीला ५१ व्या वर्षी काचबिंदू निघाला. यांना वाचायचा चष्मा लागला आहे, बाकी त्रास काही नाही.

प्रेशर उजव्या डोळ्यात १९, डाव्यात २०. साधारण १० ते २१ हे नॉर्मल धरतात, म्हणजे कागदावर ठीक. पण त्यांच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी भरते ५०५ मायक्रॉन. सरासरी ५४० च्या आसपास असते. प्रेशर मोजण्याचं यंत्र हा पडदा दाबून मोजतं आणि पातळ पडदा सहज दबतो. त्यामुळे खरं प्रेशर २० पेक्षा थोडं जास्त असू शकतं. चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन झालेल्यांचंही असंच होतं, त्यांचा पडदा ऑपरेशनमध्येच पातळ केलेला असतो. ते ऑपरेशन वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगायचं.

नसेच्या चकतीच्या मध्यभागी एक खळगा असतो. तंतू कमी झाले की तो मोठा होतो. यांच्या उजव्या डोळ्यात तो चकतीच्या ०.५, डाव्यात ०.६. हे आकडे निरोगी माणसातही सापडतात. कोन दोन्हीकडे उघडा. ओसीटी यंत्राने नसेभोवतीच्या तंतूंच्या थराची जाडी मोजली. डाव्या डोळ्यात सरासरी ९२ मायक्रॉन, म्हणजे छान.

फील्ड टेस्टमध्ये मात्र डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला काही ठिपके काळे आले. या तपासणीत समोर एकटक बघत, कडेला उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं असतं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात यंत्राने हेही लिहिलं आहे की पंधरापैकी सहा वेळा नजर मधल्या खुणेवरून हलली. पहिल्यांदा ही तपासणी देणाऱ्या बऱ्याच जणांचं असं होतं. काही आठवड्यांनी परत केली, ठिपके गेले. पहिल्या खराब फील्ड टेस्टवर कुणी लगेच कायमचे थेंब सुरू करत असेल, तर ‘एकदा परत करून बघूया का’ हे विचारायचा हक्क रुग्णाला आहे.

निष्कर्ष, काचबिंदू नाही. बहीण नसती तर यांना दोन-तीन वर्षांनी यायला सांगितलं असतं. आता सख्खी बहीण, पातळ पडदा आणि वरच्या बाजूचं प्रेशर या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, म्हणून एक वर्ष.

पुढच्या वर्षी डाव्या डोळ्याचे ९२ चे ९० झाले. एकाच डोळ्याचं ओसीटी लागोपाठ दोनदा केलं तरी चार-पाच मायक्रॉन इकडेतिकडे होतात, त्यामुळे याचा अर्थ काही नाही. तिसऱ्या वर्षी ८४ आले. वयामुळे होणारी घट वर्षाला अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर असते. दोन वर्षांत आठ ही वयाची घट नव्हे. दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं, ८३. पहिल्या वर्षीच्या फोटोशी ताडून पाहिलं तर चकतीची खालची कड पातळ झालेली दिसली. फील्ड टेस्ट अजूनही स्वच्छ आणि बाईंना काहीच जाणवत नाही. इथे रोज रात्री एक थेंब सुरू झाला.

यातला ८४ हा आकडा एकटा पाहिला तर बहुतेक यंत्रं तो नॉर्मल म्हणून हिरव्या रंगातच छापतील. या बाई पहिल्यांदा ४६ व्या वर्षी आल्या असत्या, तर कुणालाही संशय आला नसता. हातात ९२ चा कागद होता म्हणून ८४ ला अर्थ आला. जोखमीच्या घरातल्या माणसाची पहिली तपासणी लवकर करायची, ती एवढ्यासाठी. त्या दिवशी आजार सापडावा अशी अपेक्षाही नसते. पुढची वीस वर्षं ज्याच्याशी तुलना होणार, तो कागद तयार होतो.

त्यामुळे नसेचा फोटो, ओसीटी आणि फील्ड टेस्ट यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. शक्यतो ओसीटी दरवेळी एकाच कंपनीच्या यंत्रावर करा. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि नुसत्या यंत्र बदलल्याने आठ मायक्रॉन ‘गेलेले’ दिसू शकतात.

### ‘प्रेशर तर नॉर्मल आलं, मग परत कशाला?’

दोन कारणांसाठी. प्रेशर दिवसभरात चढतं-उतरतं, काहींचं पहाटे जास्त असतं. सकाळी अकरा वाजता मोजलेला आकडा हा त्या क्षणाचा असतो. दुसरं कारण, २१ च्या आत प्रेशर असूनही होणारा काचबिंदू दुर्मीळ नाही. त्यात निदान नस बघूनच होतं. म्हणून शिबिरात फुंकर मारणाऱ्या यंत्राने प्रेशर मोजून ‘सगळं ठीक’ असा शिक्का मिळाला, तरी घरात काचबिंदू असलेल्या माणसाची तपासणी पूर्ण झालेली नसते.

### ‘मला नीट दिसतंय. दिसेनासं झालं की जाईन.’

सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या मोजणीत असं दिसलं आहे की साध्या फील्ड टेस्टमध्ये पहिला दोष उमटेपर्यंत ज्यांच्या तंतूंची नस बनते त्या पाव ते एक तृतीयांश पेशी गेलेल्या असतात. ही यंत्राची गोष्ट. माणसाला स्वतःला जाणवायला याहून पुष्कळ जास्त नुकसान व्हावं लागतं. पायऱ्या उतरताना चुकणं, कडेने येणारी गाडी उशिरा दिसणं इथपर्यंत आलं असेल तर आजार जुना आहे. उपचाराने उरलेलं टिकवता येतं, गेलेलं आणता येत नाही.

### ‘मग सगळ्यांनीच दरवर्षी सगळ्या तपासण्या का करू नयेत?’

हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ गटाने २०२२ साली, त्रास नसलेल्या सर्व प्रौढांची काचबिंदूसाठी सरसकट तपासणी करावी का, यावर ‘पुरेसा पुरावा नाही’ असंच उत्तर दिलं. शिवाय, ज्यांचा धोका दोन टक्के आहे अशा हजार जणांना यंत्रासमोर बसवलं तर खऱ्या आजारापेक्षा खोटे इशारेच जास्त निघतात. मोठा मायनस नंबर असलेल्यांच्या बाबतीत हे विशेषकरून होतं. त्यांचा डोळा लांब असतो, तंतूंची मांडणी जरा वेगळी असते आणि यंत्र निरोगी डोळ्यालाही लाल रंग देतं. त्यातून धास्ती, पुन्हा तपासण्या आणि काही वेळा नको असलेले थेंब मागे लागतात.

तपासणी तीच असली तरी ज्याचा धोका वीस टक्के आहे त्याच्या बाबतीत इशारा खरा असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. म्हणून घरचा इतिहास नसलेल्या तिशीतल्या माणसाने दरवर्षी ओसीटी करायची गरज नाही आणि काचबिंदू असलेल्या ताईच्या धाकट्या भावाने ती टाळू नये.

### घरात दुसरा एखादा आजार असेल तर

आई किंवा वडिलांना लहानपणी रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कर्करोग झाला असेल, तर बाळाचे डोळे जन्मानंतर काही दिवसांतच नेत्रतज्ज्ञांनी पाहायचे आणि पुढे काही आठवड्यांच्या अंतराने पाहत राहायचं. इथे वर्षाची भाषाच नाही. तिरळेपणा, आळशी डोळा किंवा लहानपणीच लागलेला मोठा नंबर घरात असेल तर मुलाची पहिली तपासणी साधारण वर्षाच्या आसपास, तीन वर्षं थांबू नये.

केराटोकोनस, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येणं, हा साधारण किशोरवयात सुरू होतो. भावाला असेल तर बाकी भावंडांची त्या पडद्याची नकाशा काढणारी तपासणी, टोपोग्राफी, वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून दरवर्षी करावी आणि डोळे चोळायची सवय सोडवावी. वृद्धापकाळी डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागाची झीज आईवडिलांना झाली असेल, तर ५५ नंतर तपासणी दर एक-दोन वर्षांनी करून घ्यावी. सिगारेट ओढत असाल तर या आजाराचा धोका आणखी वाढतो.

### वेळापत्रक बाजूला ठेवायचं ते केव्हा?

काही वेळा ठरलेली तारीख यायची वाट पाहायची नसते. काचबिंदू असलेल्या घरातल्या माणसाला कुठल्याही कारणाने स्टिरॉइड सुरू झालं, तर त्यातली एक वेळ येते. डोळ्यात घालायच्या स्टिरॉइडच्या थेंबांनी काहींचं प्रेशर दोन-चार आठवड्यांत चढतं आणि रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांत हे प्रमाण जास्त आहे. खाज येते म्हणून दिलेले थेंब बरं वाटतं म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवले जातात आणि तेवढ्यात नस खराब होते. स्टिरॉइडचे थेंब दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालणार असतील, तर प्रेशर केव्हा मोजायचं हे सुरू करतानाच विचारून घ्या. गोळ्या, दम्याचे पंप आणि डोळ्यांजवळ लावायची मलमं यांचीही माहिती डॉक्टरांना द्या, पण ती स्वतःहून बंद करू नका.

दुसरी वेळ त्याच दिवशी, काही तासांत जाण्याची. एका डोळ्यात जोराची कळ, डोळा लाल, धूसर दिसणं, दिव्याभोवती रंगीत कडी आणि सोबत डोकेदुखी किंवा उलटी. हा कोन अचानक बंद झाल्याचा प्रकार असू शकतो आणि उलट्यांमुळे माणूस बऱ्याचदा पोटाच्या डॉक्टरांकडे जातो. डोळ्यासमोर एकाएकी काळ्या ठिपक्यांचा सडा पडणं, विजेसारखी चमक किंवा कडेने पडदा सरकत आल्यासारखं वाटणं, ही पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची लक्षणं असू शकतात. त्यात दुखत नाही, म्हणून लोक सोमवारची वाट पाहतात. पडद्याचा मधला भाग अजून चिकटलेला असेल तर ऑपरेशन एक-दोन दिवसांत झाल्यास वाचायची नजर बहुतेकदा टिकते. तो सुटला की तेवढी नजर परत येईलच असं नाही.